कव्हर्ड पुट : झाकलेली बाजू आणि उघडी बाजू

शेअर बाजारात थोडाफार काळ काढलेल्या माणसाला कव्हर्ड कॉल फारसा समजावून सांगावा लागत नाही. हाताशी शेअर आहेत, ते फार वर जातील असं वाटत नाही, म्हणून वरच्या भावाचा कॉल विकायचा आणि प्रीमियम खिशात घालायचा. शेअर जागच्या जागी राहिला तर प्रीमियम आपला. वर गेला तर ठरल्या भावाला शेअर देऊन मोकळं व्हायचं.

हीच चाल मंदीवाल्यासाठी उलटी मांडली की तिला कव्हर्ड पुट म्हणतात. शेअर घेण्याऐवजी तो आधी विकायचा, म्हणजे शॉर्ट करायचा, आणि बाजारभावाच्या खालचा पुट विकायचा. भाव थोडासा उतरला किंवा तिथंच घुटमळत राहिला, तर शॉर्टमधला नफाही मिळतो आणि पुटचा प्रीमियमही. जोरात कोसळला तर विकलेल्या पुटवर तोटा होतो, पण तितकाच नफा शॉर्टमध्ये होत असतो, त्यामुळे तो तोटा भरून निघतो. इथवर सगळं कव्हर्ड कॉलच्या प्रतिबिंबासारखं आहे आणि क्लासमध्ये, यूट्यूबवर ते तसंच शिकवलं जातं.

प्रतिबिंब बिघडतं ते तोट्याच्या बाजूला. कव्हर्ड कॉलवाल्याचा शेअर पडून पडून शून्यावर येईल, त्याखाली जाणार नाही. कव्हर्ड पुटवाल्याचा तोटा भाव चढताना होतो आणि चढण्याला वरून कसलीच मर्यादा नसते. पुट झाकलेला आहे हे खरं. पण शॉर्ट केलेला शेअर वर गेला तर काय, यावर झाकण कुठेच नाही. हा लेख त्या उघड्या बाजूबद्दल आहे.

आधी शॉर्ट करायचं कसं?

अमेरिकेत ही चाल प्रत्यक्ष शेअरवर खेळली जाते. ब्रोकर कुणाकडून तरी शेअर उसने आणतो, ते बाजारात विकतो आणि नंतर विकत घेऊन परत करतो. उसनवारीचं शुल्क द्यावं लागतं, मधल्या काळात कंपनीने लाभांश दिला तर तेवढी रक्कम शेअरच्या मूळ मालकाला द्यावी लागते आणि मालकाने शेअर परत मागितले तर खेळ मध्येच गुंडाळावा लागतो.

आपल्याकडे रोखीच्या बाजारात सामान्य गुंतवणूकदाराला शॉर्ट करता येतं ते त्याच दिवसापुरतं. सकाळी विकलं तर संध्याकाळच्या आत घ्यायलाच हवं. शेअर उसने देण्याघेण्याची सोय सेबीने २००८ मध्ये सुरू केली, पण तिथले व्यवहार मोजक्याच शेअर्सपुरते होतात. त्यामुळे आपल्याकडचा कव्हर्ड पुट म्हणजे व्यवहारात शेअरचा वायदा विकायचा, ज्याला सगळे फ्युचर म्हणतात, आणि त्याच महिन्याचा, तेवढ्याच लॉटचा पुट विकायचा. दोन्ही सौदे वायदा-विकल्प विभागात होतात, दोन्हींची एक्स्पायरी एकाच दिवशी असते आणि मार्जिन मोजणारी यंत्रणा त्यांच्याकडे एकच पोझिशन म्हणून पाहते. म्हणून दोन सौदे असूनही मार्जिन साधारण एका फ्युचरइतकंच लागतं.

एक लॉट, एक महिना

आकडे घेऊन बघू. समजा एका कंपनीचा शेअर १,२०० रुपयांवर आहे आणि एक्स्पायरीला चार आठवडे आहेत. त्या महिन्याचा वायदा १,२०६ रुपयांना चालू आहे. लॉट ५०० शेअर्सचा, म्हणजे सौदा सहा लाखांचा. आपलं मत असं की गेल्या दोन महिन्यांत हा शेअर बराच धावला आहे, आता तो थोडा खाली येईल, फार नाही. म्हणून आपण वायदा १,२०६ ला विकला आणि १,१४० चा पुट १८ रुपयांना विकला.

एक्स्पायरीच्या दिवशी शेअर कुठे बंद होतो, त्यावर हिशेब असा:

| शेअरचा बंद भाव | वायद्यात | पुटमध्ये | एका शेअरमागे एकूण | लॉटवर |
|---|---|---|---|---|
| १,००० | +२०६ | −१२२ | +८४ | +४२,००० |
| १,१०० | +१०६ | −२२ | +८४ | +४२,००० |
| १,१४० | +६६ | +१८ | +८४ | +४२,००० |
| १,२०० | +६ | +१८ | +२४ | +१२,००० |
| १,२२४ | −१८ | +१८ | ० | ० |
| १,३०० | −९४ | +१८ | −७६ | −३८,००० |
| १,४०० | −१९४ | +१८ | −१७६ | −८८,००० |

कागदावर याची रेघ काढली तर डावीकडे, म्हणजे १,१४० च्या खाली, ती सपाट धावते. शेअर १,१०० ला येवो की ९०० ला, नफा ४२ हजारांवर थांबतो. १,१४० पासून रेघ उतरायला लागते, १,२२४ ला शून्याची रेषा ओलांडते आणि पुढे उतरतच जाते. शेअर जेवढे रुपये चढेल, तेवढे रुपये प्रत्येक शेअरमागे गेले.

पुट विकून काय मिळालं, काय गेलं, ते आता मांडता येतं. नुसता वायदा विकला असता तर १,२०६ च्या वर गेल्या गेल्या तोटा सुरू झाला असता. पुटच्या १८ रुपयांमुळे ती सीमा १,२२४ वर सरकली. बदल्यात १,१२२ च्या खालच्या पडझडीतला जास्तीचा नफा आपण सोडून दिला. शेअर १,००० वर आला असता तर नुसत्या वायद्यात एक लाख तीन हजार मिळाले असते, इथे ४२ हजारच मिळतात. म्हणजे मोठी पडझड येणार असं ज्याला मनापासून वाटतं, त्याच्यासाठी ही चाल नाहीच. शेअर सुस्त राहील किंवा हळूहळू खाली येईल, एवढंच ज्याचं मत आहे त्याच्यासाठी ती आहे.

याच शेअरवरचा कव्हर्ड कॉल शेजारी ठेवून पाहा. शेअर १,२०० ला घेतला, १,२६० चा कॉल २० रुपयांना विकला. जास्तीत जास्त नफा ८० रुपये, आणि १,१८० च्या खाली तोटा. आकार हुबेहूब उलटा दिसतो. मात्र तिथे जास्तीत जास्त तोटा किती, हे सांगता येतं: १,१८० रुपये, कंपनी पूर्ण बुडाली तर. शिवाय तो शेअर पूर्ण पैसे देऊन घेतलेला असेल तर मधल्या काळात कुणी मार्जिन मागायला येत नाही, वाट बघत बसता येतं. कव्हर्ड पुटच्या तक्त्यात तळाच्या रेघेनंतर आणखी कितीही रेघा वाढवता येतात.

हा तर विकलेला कॉल

तक्त्यातला एक आकडा थांबून पाहण्यासारखा आहे, तो म्हणजे ८४. आपला जास्तीत जास्त नफा. आता असं समजा की आपण वायदाही विकला नाही आणि पुटही विकला नाही. त्याऐवजी त्याच १,१४० स्ट्राइकचा फक्त एक कॉल विकला. वायदा १,२०६ वर असताना त्या कॉलचा प्रीमियम किती असायला हवा? वायदा स्ट्राइकच्या ६६ रुपये वर आहे, ते ६६, आणि त्याच स्ट्राइकच्या पुटमध्ये असलेले १८. बेरीज ८४. महिनाभराच्या व्याजाचे काही पैसे इकडेतिकडे होतील, तेवढंच.

शेअर १,१४० च्या खाली बंद झाला तर तो कॉल विकणाऱ्याला पूर्ण ८४ रुपये मिळतात. १,२२४ ला तो ना नफा ना तोट्यात असतो. १,४०० ला त्याचे १७६ रुपये जातात. वरचा तक्ता जसाच्या तसा. याला पुट-कॉल पॅरिटी म्हणतात. हा कुणाचा अंदाज नाही, हिशेब आहे. दोन्हींच्या किमतीत फरक पडलाच तर मोठ्या फर्म्सची यंत्रं तो लगेच खाऊन टाकतात.

म्हणजे ज्याने कव्हर्ड पुट विकला, त्याने उघडा कॉल विकला आहे. बाजारात असे कितीतरी लोक भेटतात जे सांगतात, ‘नेकेड कॉल आपण विकत नाही, जोखीम फार.’ तीच माणसं वायदा आणि पुट मात्र निर्धास्त विकतात, कारण स्क्रीनवर एकाखाली एक दोन सौदे दिसतात आणि एकाने दुसऱ्याला सांभाळलं आहे असं वाटतं. सांभाळलेलं आहे ते फक्त खालच्या बाजूला.

मग सरळ कॉलच का विकत नाहीत? कारण व्यवहाराचं आहे. शेअर १,२०० वर असताना १,१४० च्या कॉलमध्ये फारसं कुणी सौदे करत नाही. घेणारा ८० म्हणतो, विकणारा ८८, आणि मधल्या दरीत आपले चार रुपये जातात. वायद्यात आणि बाजारभावाखालच्या पुटमध्ये दिवसभर उलाढाल असते, भाव जवळजवळ मिळतो. दुसरं कारण असं की बऱ्याच जणांकडे वायद्यातला शॉर्ट आधीपासून असतो, आणि शेअर हालेनासा झाला की ते त्यावर पुट विकून महिन्याची कमाई बघतात. दोन्ही कारणं रास्त आहेत. पण त्यांनी जोखीम कमी होत नाही.

चुकलात की वाढणारी पोझिशन

एक्स्पायरीच्या दिवसाचा तक्ता सोपा असतो. त्या आधीचे दिवस जास्त चकवतात.

सौदा केला त्या दिवशी १,१४० चा पुट शेअरच्या हालचालीच्या साधारण पाव हिश्शाने हलतो. शेअर एक रुपया चढला की वायद्यात एक रुपया जातो, पण पुट चार आण्यांनी स्वस्त होतो आणि तेवढे परत मिळतात. म्हणजे पोझिशन पाऊण शॉर्टसारखी वागते. शेअर चढत गेला की पुट मरत जातो आणि त्याची मदत आटत जाते. १,२७० वर तो जवळजवळ निर्जीव असतो, तिथून पुढे प्रत्येक रुपया पूर्ण आपल्या खिशातून जातो. उलट शेअर पडत गेला की पुट जिवंत होतो, वायद्याच्या नफ्यातला वाटा खात जातो आणि शेवटी पोझिशन हलायचीच थांबते. आपलं बरोबर ठरलं की शॉर्ट लहान होत जातो, चुकलं की मोठा होत जातो.

पहिल्याच आठवड्यात शेअर ८० रुपयांनी पडला, असं धरू. वायदा १,१२६ वर आला, त्यात ८० रुपये नफा. माणूस स्क्रीन उघडतो तर एकूण नफा ५० च्या आसपास दिसतो. कारण पुट १८ वरून ४८ वर गेलेला असतो. एक तर तो आता स्ट्राइकच्या आत आला, त्यात अजून तीन आठवडे बाकी, आणि शेअर झपाट्याने पडला की विकल्पांमधली अस्थिरतेची किंमतही वाढते. ८४ रुपये पूर्ण पाहायचे असतील तर एक्स्पायरीपर्यंत थांबावं लागतं आणि तोपर्यंत शेअर तिथेच खाली राहावा लागतो. अनेक जण नेमके इथे फसतात. शेअर खाली आला होता, मत बरोबर ठरलं होतं, पण उरलेल्या ३४ रुपयांसाठी थांबले आणि तो परत वर गेला.

चढत्या बाजारात त्रास रोखीचा होतो. वायद्यातला तोटा रोजच्या रोज, रोखीत वळता करून घेतला जातो. पुट स्वस्त झाला म्हणून त्याचा नफा मात्र रोख हातात येत नाही, फक्त त्यावरचं मार्जिन थोडं मोकळं होतं. शेअर एका दिवसात ६० रुपये चढला तर ३० हजार रुपये खात्यातून निघून गेलेले असतात. खात्यात तेवढे नसतील तर ब्रोकर पोझिशन कापतो, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात वाईट भावाला कापली जाते.

झेप घेणारा बाजार

‘स्टॉपलॉस लावला की झालं,’ असं यावर ऐकू येतं. बाजार पायरी पायरीने चढत असेल तर स्टॉपलॉस उपयोगी पडतो. झेप घेणाऱ्या बाजारात तो लागतो, पण भलत्याच भावाला.

२०१९ चा सप्टेंबर आठवा. अर्थव्यवस्था मंदावल्याच्या बातम्या रोज येत होत्या, वाहनांची विक्री घसरली होती, बाजार सुस्त होता. कव्हर्ड पुटसाठी याहून सोयीचं हवामान मागून मिळत नाही. महिन्याच्या सुरुवातीला निफ्टी ११,००० च्या आसपास होता. एखाद्याने तिथे निफ्टीचा वायदा विकून १०,७०० चा पुट समजा १०० अंकांना विकला असता, तर त्याचा जास्तीत जास्त नफा ४०० अंक. गुरुवारी, १९ सप्टेंबरला निफ्टी १०,७०४ वर बंद झाला. एक्स्पायरी २६ तारखेला. ठरवल्यासारखं सगळं चाललं होतं, तीनशेच्या आसपास अंक पदरात दिसत होते.

शुक्रवारी सकाळी जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी पणजीत आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. बाजार सुरू असतानाच. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंकांनी वाढला आणि निफ्टी ११,२७४ वर बंद झाला. सोमवारी आणखी चढून तो ११,६०० वर गेला. आपल्या कल्पनेतल्या माणसाचे वायद्यात ६०० अंक गेले, पुटचे १०० परत आले. तीनशेच्या नफ्याचा पाचशेचा तोटा व्हायला दोन दिवस पुरले. अर्थव्यवस्था मंदावली आहे हे त्याचं मत चुकलं नव्हतं. पोझिशन मात्र उघडी होती.

तरी त्या शुक्रवारी बाहेर पडायला वेळ तरी होता. १८ मे २००९ च्या सोमवारी तोही मिळाला नाही. शनिवारी लोकसभेचे निकाल लागले, सोमवारी बाजार उघडता उघडता वरच्या सर्किटला जाऊन थांबला, पुन्हा सुरू झाल्यावर पुन्हा सर्किट लागलं आणि दिवसाचा व्यवहार तिथेच संपला. सेन्सेक्स २,११० अंकांनी, म्हणजे १७ टक्क्यांहून जास्त वर. शॉर्ट असलेल्यांना सौदा कापायला विकणाराच समोर नव्हता.

एकट्या शेअरची तऱ्हा तर आणखी वेगळी. २००८ च्या ऑक्टोबरात जर्मनीच्या फोक्सवॅगनचा शेअर २१० युरोच्या आसपास होता आणि तो महाग आहे असं म्हणून अनेक फंडांनी तो शॉर्ट केला होता. २६ ऑक्टोबरला, रविवारी, पोर्शे कंपनीने जाहीर केलं की तिच्याकडे ४२.६ टक्के शेअर आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवरचे विकल्प आहेत. लोअर सॅक्सनी राज्याकडे वीस टक्के होतेच. म्हणजे बाजारात खरेदीला उरलेले शेअर शॉर्ट झालेल्या शेअर्सपेक्षाही कमी होते. सगळे एकदम घ्यायला धावले आणि मंगळवारी भाव काही काळ हजार युरोच्या वर गेला. २१० ला शॉर्ट करून कुणी खालच्या पुटचे १५ युरो घेतले असते, तर त्या १५ युरोंनी आठशेच्या तोट्यात काय फरक पडला असता? आपल्याकडेही वायदा-विकल्पात असलेल्या शेअर्सना बाकीच्यांसारखी पक्की सर्किट मर्यादा नसते. पट्टा असतो, पण भाव त्याला टेकला की तो सरकवला जातो.

वर सरकवण्याचा मोह

शेअर चढायला लागला की मनात पहिला विचार येतो तो पुट वर सरकवण्याचा. समजा दहा दिवसांत शेअर १,२७० वर गेला, वायदा १,२७४. जुना १,१४० चा पुट २ रुपयांवर आला. तो परत घेतला, १६ रुपये सुटले. आता नवा कुठला विकायचा?

१,२०० चा पुट ९ रुपयांना मिळतो. तो विकला तर एकूण प्रीमियम २५ झाला आणि तोट्याची सीमा १,२२४ वरून १,२३१ वर सरकली. सात रुपयांचा दिलासा. पण जास्तीत जास्त नफा ८४ वरून ३१ वर आला. ९ रुपये कमी वाटले म्हणून १,२४० चा पुट १९ रुपयांना विकला, तर सीमा १,२४१ होते आणि नफा उरतो एक रुपया. शेअर नंतर कितीही कोसळला तरी एकच रुपया, कारण १,२०६ ला विकलेला वायदा आता १,२४० च्या भावाला बंद व्हायला बांधला गेला आहे. वरच्या बाजूचा धोका मात्र जसाच्या तसा उभा.

प्रत्येक वेळी सरकवताना खात्यात नवा प्रीमियम आलेला दिसतो, म्हणून आपण काहीतरी सुधारलं असं वाटतं. खरं काय झालं ते तपासायची एक सोपी खूण आहे. पुटची स्ट्राइक आणि तोट्याची सीमा यांच्यातलं अंतर पाहावं. ते अंतर म्हणजेच उरलेला जास्तीत जास्त नफा. ते आक्रसत चाललं असेल तर पोझिशन दुरुस्त होत नाही, तोटा फक्त पुढे ढकलला जातो.

एक्स्पायरीच्या दिवशी

ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे शेअर्सचे सगळे वायदे आणि विकल्प प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटवले जातात. निफ्टीसारखे निर्देशांक रोखीत मिटतात, शेअर मात्र नाही. कव्हर्ड पुटवाल्याने हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे अडचण नफ्यात असतानाही येऊ शकते.

शेअर १,१०० ला बंद झाला, असं धरा. विकलेल्या वायद्यामुळे ५०० शेअर द्यायचे आणि विकलेल्या पुटमुळे ५०० शेअर घ्यायचे. दोन्ही एकमेकांत वळते होतात, काही द्यायचं-घ्यायचं उरत नाही. आता शेअर १,१८० ला बंद झाला. पुट कोरा गेला, आपण ४४ रुपये नफ्यात. पण वायदा एकटाच उरला आणि ५०० शेअर देण्याची जबाबदारी डोक्यावर आली. डिमॅटमध्ये शेअर नसतील तर ते लिलावातून घेतले जातात आणि वाढीव भाव, दंड, सगळं आपल्या माथी. म्हणून शेअर स्ट्राइकच्या वर असेल तर एक्स्पायरीच्या दिवशी बाजार बंद होण्याआधी वायदा स्वतः कापायला हवा. राष्ट्रीय शेअर बाजारात सप्टेंबर २०२५ पासून हा दिवस महिन्याचा शेवटचा मंगळवार आहे. शेअर १,१४० च्या अगदी आसपास घुटमळत असेल तर दोन्ही सौदे मिटवलेले बरे, कारण बंद भाव कुठल्या बाजूला पडेल ते शेवटपर्यंत कळत नाही.

मुदतीआधीच पुट अंगावर येईल ही भीती अमेरिकेत असते, तिथे शेअर्सचे विकल्प धारक कधीही वापरू शकतो. आपल्याकडचे विकल्प २०११ पासून युरोपियन पद्धतीचे आहेत, ते शेवटच्या दिवशीच वापरले जातात. एवढी एक काळजी कमी.

झाकण किती रुपयांचं?

उघडी बाजू बंद करता येते. वरच्या सौद्यासोबतच १,३०० चा कॉल समजा १२ रुपयांना विकत घेतला. नफा ८४ वरून ७२ वर आला, सीमा १,२२४ वरून १,२१२ वर. पण शेअर १,३०० च्या वर कितीही गेला तरी तोटा ८८ रुपयांवर थांबतो. लॉटमागे सहा हजार रुपये खर्चून अमर्याद तोट्याचा ४४ हजारांचा तोटा केला, आणि मार्जिनही कमी लागू लागतं. हे कॉल सौदा करतानाच घ्यावे लागतात. बातमी आल्यानंतर त्यांचा भाव दुप्पट-तिप्पट झालेला असतो.

आणि झाकण घालायचंच असेल, तर मग वायद्याच्या भानगडीत तरी का पडायचं, हाही प्रश्न विचारून पाहावा. हळूहळू उतरणाऱ्या शेअरसाठी १,२०० चा पुट ४१ ला घेऊन १,१४० चा १८ ला विकला तर खर्च २३ रुपये. जास्तीत जास्त तोटा तेवढाच, जास्तीत जास्त नफा ३७, रोज रोख भरणं नाही. यात शेअर १,१७७ च्या खाली यायलाच हवा, कव्हर्ड पुटमध्ये तो १,२२४ पर्यंत चढला तरी चालतं. हाच खरा फरक आहे, आणि त्या ४७ रुपयांच्या सवलतीची किंमत म्हणून वरची बाजू उघडी सोडावी लागते. ज्या महिन्यात कंपनीचे तिमाही निकाल, बजेट किंवा निवडणुकीचा निकाल येणार आहे, त्या महिन्यात पुटचा प्रीमियम सगळ्यात गुबगुबीत दिसतो. तो गुबगुबीत असण्याचं कारणच ती झेप असते.